भाटे की माटे? पत्रिकेच्या नक्षीतून अक्षर कसं शोधायचं

प्रश्न : मी पुण्यातच वाढलो, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्तमानपत्र, दुकानांच्या पाट्या मी नीट वाचतो. लग्नपत्रिका हातात आली की मात्र अडतो. परवा आईच्या मामेभावाकडून एक आली, सोनेरी, वेलबुट्टीच्या अक्षरांची. मी मोठ्यानं वाचली आणि वराचं आडनाव 'माटे' म्हणालो. आई म्हणाली, 'भाटे' असणार. तारीख १३ आहे की १६ तेही कळेना. फ्लेक्सवर आणि नाटकांच्या जाहिरातींवर हेच होतं. हे आकार कुठे शिकायला मिळतात का, की नुसतं सवयीनं येतं? पत्रिकेचा फोटो जोडला आहे.

उत्तर : आई बरोबर आहेत, आडनाव भाटेच आहे. आणि तारीख १३. ते कसं ठरवलं हे सांगतो, म्हणजे पुढची पत्रिका तुमची तुम्हाला वाचता येईल.

हे आकार कुठे शिकवत नाहीत, कारण त्यांची यादीच होत नाही. प्रत्येक फॉन्ट आपली वेगळी नक्षी काढतो. शिकायचं असतं ते वेगळंच : कुठल्या अक्षराचा जीव कुठल्या जागी आहे. नक्षी त्या जागेवर बसली की वाचणारा फसतो, बाकी अंगावर कितीही बसली तरी फसत नाही. 'ह'ला खाली हातभर शेपूट काढा, कोणी चुकणार नाही. 'भ'च्या डाव्या खांद्यावर एवढीशी वेल चढवा, अर्धी वरात माट्यांकडे जाईल.

मी ३४ वर्षं पत्रिकाच छापतोय, अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात. सुरुवात शिशाचे खिळे जुळवण्यापासून केली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. त्यामुळे कंपोझिटर पूर्ण अक्षर बघतच नाही, तो एक खूण बघतो आणि खिळा उचलतो. वितरण करताना, म्हणजे छापून झालेले खिळे परत घरांत टाकताना, 'भ'च्या घरात 'म' पडला की पुढच्या कामात हमखास चूक व्हायची. म्हणून आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात जे शिकवलं ते असं : डावा वरचा कोपरा बघ.

'म' घ्या. शिरोरेषेवरून डावीकडची रेघ सरळ खाली येते, तळाशी गाठ मारते आणि आडवी जाऊन उजव्या दंडाला मिळते. 'भ'मध्ये तळाची गाठ तीच, आडवी रेघ तीच, उजवा दंडही तोच. फरक फक्त वर आहे. 'भ'ची डावी रेघ शिरोरेषेला लागत नाही. ती एका आकडीनं सुरू होते आणि तिच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. आता 'घ' आणि 'ध' बघा. तीच गोष्ट. 'घ' शिरोरेषेला लटकतो, 'ध'च्या डोक्याशी आकडी आणि वर फट. 'य' आणि 'थ' बघा, परत तेच. म्हणजे तीन जोड्या आहेत आणि तिन्हींचं भांडण एकाच जागेवरचं : डाव्या खांद्यावर आकडी आहे का, आणि तिच्यावर शिरोरेषेत फट आहे का. दोन खुणा आहेत हे लक्षात ठेवा, कारण नक्षीवाला फॉन्ट बहुतेक वेळा एक खूण खातो आणि दुसरी शिल्लक ठेवतो.

कसा खातो ते सांगतो. काही फॉन्टांना शिरोरेषाच नसते. अक्षरं सुटी, हाताने झरझर लिहिल्यासारखी. तिथे फट हा प्रकारच संपला, कारण सगळीकडेच फट आहे. मग फक्त आकडीवर जायचं. याच्या उलट काही फॉन्टांत शिरोरेषा म्हणजे एक लाट किंवा वेल असते आणि ती पूर्ण शब्दावरून न तुटता धावते. तिथेही फट गेली, आकडी उरली. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, तुमच्या पत्रिकेतला. त्यात फॉन्ट करणाऱ्यानं शोभा म्हणून प्रत्येक अक्षराच्या डाव्या खांद्यावर एक कोंब काढलाय. 'म'लासुद्धा. आता आकडी दिसली म्हणजे 'भ', हा नियम चालणार नाही, कारण आकडी सगळ्यांनाच आहे. तुम्ही उलट्या दिशेनं फसलात. कोंब सगळ्यांनाच आहेत म्हणजे ते शोभेचे, असं तुमच्या डोळ्यानं ठरवलं आणि 'भ'ची खरी आकडीही त्याच हिशोबात काढून टाकली. तर्क चुकीचा नव्हता, अर्धा होता.

अशा वेळी काय करायचं? त्याच पत्रिकेतून किल्ली काढायची. लग्नपत्रिकेची ही मोठी सोय आहे की तिचा ऐंशी टक्के मजकूर तुम्हाला आधीच पाठ असतो. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', 'यांचे ज्येष्ठ चिरंजीव', 'सहकुटुंब सहपरिवार', 'वधूवरांस शुभाशीर्वाद', 'करण्याचे योजिले आहे'. हे शब्द तुम्ही वाचत नाही, ओळखता. मग ओळखीच्या शब्दातलं अक्षर घ्यायचं आणि अनोळखी नावातल्या अक्षराशेजारी ठेवून बघायचं.

तुमच्या फोटोत शेवटून चौथ्या ओळीत 'शुभमुहूर्तावर' हा शब्द आहे. मला तो फार आवडतो, कारण त्यात 'भ' आणि 'म' शेजारी शेजारी उभे असतात, जणू तुमच्यासारख्यांसाठीच. फोटो मोठा करा आणि फक्त डावे खांदे बघा. 'मु'चा कोंब शिरोरेषेतून फुटतो आणि बाहेर, डावीकडे जातो. 'भ'ची आकडी शिरोरेषेच्या खालीच गोल वळून आत बंद होते आणि तिच्या व शिरोरेषेच्या मध्ये केसाएवढी मोकळी जागा आहे. आता वर आडनावाकडे या. पहिल्या अक्षराची आकडी आत वळलेली आहे आणि वर केसाएवढी जागा आहे. 'भ'. दुसरा पुरावा हवा असेल तर वधूच्या आजीच्या नावाआधीचं 'श्रीमती' बघा. त्यातल्या 'म'चा कोंब 'मुहूर्ता'तल्या 'म'सारखाच बाहेर गेलाय, आडनावातला तसा नाही.

बाकी जोड्यांच्या किल्ल्याही अशाच सापडतात. 'ध' हवा असेल तर 'वधूवरांस' मध्ये मिळतो. 'घ' ठरलेल्या मजकुरात क्वचितच येतो, त्यामुळे 'घारे' की 'धारे' असा पेच पडला तर 'वधू'तल्या 'ध'शी ताडून बघा, जुळला नाही तर 'घ' धरा. 'थ' 'स्थळ' आणि 'तिथी' मध्ये, 'य' 'यांचे' आणि 'कार्यालय' मध्ये. 'थत्ते' हे आडनाव 'यत्ते' वाचलं जातं ते याच कारणानं. 'ख' वैशाखातलं लग्न असेल तर 'वैशाख'मध्ये, नाही तर 'तारीख'मध्ये. 'ख'ची गोष्ट थोडी वेगळी. तो 'र' आणि 'व' यांचा जोड आहे. सध्याच्या शालेय वळणात 'र'चा पाय 'व'च्या पोटाला जोडलेला असतो, जुन्या वळणात तो सुटा असायचा. जुन्यावर बेतलेल्या फॉन्टमध्ये 'खरे' हे आडनाव 'रवरे' दिसतं. इथे बघायचं ते अंतर : 'ख'मधले दोन तुकडे एकमेकांना जास्त चिकटून असतात, 'रवि'मधले 'र' आणि 'व' दोन वेगळ्या अक्षरांइतके लांब असतात. 'रविवार' पत्रिकेत असला तर तिथेच मोजता येतं.

या युक्तीला एक अट आहे आणि ती पाळली नाही तर युक्ती उलटते. किल्ली त्याच फॉन्टातली हवी. पत्रिकेत सहसा दोन-तीन फॉन्ट असतात. वर 'शुभविवाह' एका फॉन्टात, वधूवरांची नावं दुसऱ्यात, आतला मजकूर तिसऱ्या साध्या फॉन्टात. मथळ्यातल्या 'भ'वरून नावातला 'भ' ठरवू नका. तुमच्या पत्रिकेत सगळा मजकूर एकाच नक्षीदार फॉन्टात ओढलाय. तो छापणाऱ्याचा आळस आहे, पण किल्लीसाठी बरा पडला. जिथे मजकूर साधा आणि नावं नक्षीदार असतात तिथे आधी दुसरंच करायचं : तेच आडनाव बारीक अक्षरात कुठे आहे का ते शोधायचं. खाली 'आपले नम्र' किंवा 'निमंत्रक' म्हणून वडिलांचं नाव येतं, ते बहुधा साध्या फॉन्टात असतं. निम्मे पेच तिथेच सुटतात आणि खांदे बघत बसावं लागत नाही.

आता सोनेरी रंगाकडे येतो, कारण तो वेगळाच घोटाळा करतो आणि त्यात फॉन्टचा दोष नसतो. सोनेरी अक्षरं शाईची नसतात. धातूचा डाय तापवून त्याखाली चकचकीत फॉइल धरतात आणि कागदावर दाबतात. दाबलेल्या जागेवरची फॉइल कागदाला चिकटते, बाकीची निघून येते. निघून येताना ती अक्षराच्या कडेवर स्वच्छ तुटायला हवी. मोठ्या मोकळ्या जागेत ती तुटते. अक्षराच्या पोटातल्या एवढ्याशा पोकळीत मात्र ती तुटत नाही, पडद्यासारखी तशीच राहते. 'ब' म्हणजे 'व'च्या पोटात एक तिरकी रेघ. 'ष' म्हणजे 'प'च्या पोटात एक तिरकी रेघ. त्या रेघेमुळे पोकळीचे दोन तुकडे होतात आणि ते इतके बारीक होतात की फॉइल दोन्ही भरून टाकते. बापटांची पत्रिका हातात घेतली तर पहिल्या अक्षराचं पोट नुसता सोनेरी ठिपका दिसतो.

यातून एक उपयोगी खूण निघते. पोट पूर्ण भरलेलं असेल तर आत रेघ होती असं समजा, म्हणजे 'ब'. 'व'चं पोट त्याच आकारात सहसा उघडं राहतं, कारण त्याची पोकळी दुप्पट मोठी असते. खात्रीसाठी 'सहकुटुंब सहपरिवार' बघा. त्यात 'ब', 'व' आणि 'प' तिन्ही आहेत, तेही एकाच आकारात. 'परिवार'मधल्या 'व'चं पोट उघडं आणि 'कुटुंब'मधल्या 'ब'चं बुजलेलं असेल तर ही खूण त्या पत्रिकेपुरती चालते. दोन्ही बुजलेली असतील तर डायचा दाब किंवा तापमान जास्त झालं होतं आणि ही खूण सोडून द्या. मग पत्रिका खिडकीशी नेऊन तिरकी धरा. डायचा ठसा कागदात रुतलेला असतो, आणि फॉइलनं भरलेली पोकळी न दाबलेली, म्हणून किंचित वर राहिलेली असते. उजेड आडवा पडला की ती रेघ दिसते. मोबाइलवरच्या फोटोत हे कधीच दिसणार नाही, फोटोत सोनं एकतर पांढरं येतं नाही तर काळं. त्यामुळे असा पेच असेल तर फोटो पाठवून उपयोग नाही, कागद हातात हवा.

वरच्या खुणांकडे, म्हणजे वेलांट्या, रफार, अनुस्वार यांच्याकडे आता जाऊ. नक्षी करणाऱ्याचा हात सगळ्यात मोकळा सुटतो तो इथे. 'श्री'ची दुसरी वेलांटी पूर्ण ओळीवर छत्रीसारखी पसरलेली तुम्ही बघितली असेल. इथे वर बघून गोंधळ वाढतो, म्हणून मी खाली बघायला सांगतो : उभे दंड मोजा. पहिली वेलांटी असो, दुसरी असो की काना, प्रत्येकाबरोबर एक उभा दंड खाली येतोच. तो लपवता येत नाही. 'विवाह' शब्दात दंड किती? पहिल्या वेलांटीचा एक, 'व'चा स्वतःचा एक, दुसऱ्या 'व'चा एक, कान्याचा एक. चार. 'ह'ला पूर्ण उभा दंड नसतो. वर कितीही वेली असू द्यात, खाली चार दंड असतील तर शब्द 'विवाह'शी जुळतो. जादा दंड अक्षराच्या डावीकडे असेल आणि वरची कमान त्याच्यापासून उजवीकडे जात असेल तर पहिली वेलांटी, उजवीकडे असेल आणि कमान मागे येत असेल तर दुसरी. वर कमान आहे पण तिच्याखाली तिचा असा दंडच नाही, तर ती शोभा. रफार यातून वगळा. 'मुहूर्त'वरचा रफार एक छोटा आकडा असतो, त्याला दंड नसतो, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. रफार आणि शोभेचा कोंब यांत फरक करायला शब्दच लागतो, आकार पुरत नाही.

अनुस्वाराच्या जागी हल्ली फूल, पान, हृदय, काय वाटेल ते घालतात. फूल प्रत्येक शब्दावर असेल तर ते फूल. 'कुटुंब' आणि 'मंगल'वरच असेल तर तो अनुस्वार.

तारखेचं सांगायचं राहिलं. '३' आणि '६' जवळजवळ एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. '३'ची पोटं उजवीकडे फुगतात, '६'ची डावीकडे. दोन्हींना खाली शेपूट असतं, आणि तुमच्या फॉन्टनं वरही एकेक शेपूट लावल्यामुळे फुगवटा कुठला आणि मोकळी बाजू कुठली ते कळेनासं झालंय. पण खालीच '२०२६' छापलंय. त्यातला शेवटचा आकडा '६' आहे याबद्दल वाद नाही. तारखेचा दुसरा आकडा तसा दिसत नाही, त्याचा उलटा दिसतो. म्हणून १३. आता याला दोन साक्षीदार आणा. पत्रिकेवर वार बुधवार आहे. २०२६च्या मे महिन्यात १३ तारखेला बुधवार येतो, १६ला शनिवार. आणि १६ मेला अमावास्या आहे, १७पासून अधिक ज्येष्ठ सुरू होतो. लग्नाचा मुहूर्त कोणी अमावास्येचा धरणार नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघून आईंनी हे तुम्हाला अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

'१' आणि '९' यांचाही असाच घोळ होतो. त्याची किल्ली शकात आहे. या पत्रिकेवर 'शके १९४८' आहे, म्हणजे '१' आणि '९' लागोपाठ, एकाच फॉन्टात. गुढीपाडव्यानंतरच्या तारखेसाठी इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, त्यामुळे तो आकडा किती असायला हवा हे न वाचताच माहीत असतं.

वाराची साक्ष मात्र नेहमी उपयोगी पडत नाही. '१' आणि '९' यांत आठचं अंतर, म्हणून वार एकानं पुढे सरकतो आणि चूक उघडी पडते. '२' आणि '९' यांत सातचं अंतर. महिन्याची दोन तारीख आणि नऊ तारीख, दोन्हींचा वार एकच. '१' आणि '८' यांचंही तसंच. तिथे तिथीच बघावी लागते. मुहूर्ताच्या मिनिटांना तर कुठलाच साक्षीदार नसतो. '१२ वा. ३६ मि.' आहे की '१२ वा. ३३ मि.' हे अक्षरावरूनच ठरवायचं. अर्थात पुण्यात अक्षता टाकायला पाच मिनिटं आधी पोचलेलं बरं, म्हणजे तो प्रश्न राहत नाही.

एक गोष्ट अशी आहे जी नक्षी वाटते पण नक्षी नाही. काही अक्षरांची दोन वळणं मुळातच रूढ आहेत. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी आणि हिंदी छपाईतली वेगळी. महाराष्ट्र शासनानं २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीयुक्त 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' घेतला, पण बाजारात मिळणारे बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. 'झ', 'अ' आणि 'ण' यांचीही जुनी रूपं जुन्या घराण्यांच्या पत्रिकांत मुद्दाम वापरतात. ही रूपं थोडकी आहेत, एकदा कोणाकडून दाखवून घेतली की संपलं.

आणि एक गोष्ट नक्षी वाटते पण ती चूक असते. फ्लेक्सवर 'चि.' ऐवजी 'च'च्या पुढे पहिली वेलांटी लटकलेली दिसते, किंवा 'श्री' फुटून 'श्‌' आणि 'री' वेगळे दिसतात. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मजकूररचना चालू केली नाही तर असं होतं. टाइप करताना वेलांटी अक्षरानंतर येते आणि सॉफ्टवेअर ती मागे नेत नाही. ओळखायचं कसं? चूक असेल तर पूर्ण फलकावर प्रत्येक पहिली वेलांटी चुकीच्या जागी असते, एकही सुटत नाही. हातानं अक्षर काढणारा माणूस वेलांटीला कितीही मुरड घालेल, तिला अक्षराच्या पलीकडे ठेवणार नाही.

हाताचं अक्षर म्हटलं की नाटकांच्या जाहिराती आल्या, आणि इथे वरची निम्मी विद्या बाद होते. पत्रिका फॉन्टात असते, म्हणून एक 'भ' दुसऱ्या 'भ'सारखाच. नाटकाचं नाव बहुधा अक्षरलेखन असतं, त्या एका नावासाठी काढलेलं चित्र. कमल शेडगे यांनी कित्येक नाटकांची नावं अशी काढली. त्यात नाटकाच्या स्वभावाप्रमाणे अक्षर बदलतं आणि एकाच नावातली दोन 'म' दोन तऱ्हांची असू शकतात. म्हणून फलकापुढे उभं राहिलात की आधी ठरवा : हा फॉन्ट आहे की हात? एकच अक्षर दोनदा आलंय का बघा. तंतोतंत सारखं असेल तर फॉन्ट, मग किल्लीची पद्धत चालेल. वेगळं असेल तर हात, मग नावाशी झटापट करू नका. खालची बारीक ओळ वाचा, कलाकार आणि निर्मिती संस्था यांची. ती छापील असते. शिवाय अक्षरलेखनात नाव सहसा ओळखीचा शब्द असतो, आडनावासारखं अनोळखी नसतं. 'भाटे' आणि 'माटे' दोन्ही पुण्यात आहेत, म्हणून तिथे अडायला होतं. नाटकाच्या नावात चुकीचं अक्षर घातलं की बहुतेक वेळा शब्दच उरत नाही आणि डोळा आपोआप सुधारतो.

गणपती मंडळांच्या फ्लेक्सवर अलीकडे फार जाड, गुबगुबीत अक्षरं असतात. `Modak` नावाचा एक फुकट मिळणारा फॉन्ट त्यातलाच. त्यात अक्षराच्या पोटातली पोकळी म्हणजे नुसती चीर असते. लांबून ती दिसत नाही आणि 'व', 'ब', 'प', 'ष' सगळे एकाच मोदकाचे भाऊ दिसतात. तिथे आकार नाही, चीर बघायची : ती कशी वळते, एक आहे की दोन. जवळ जाऊन बघता येत नसेल तर पुढे चला.

हात बसवायचा असेल तर गूगल फॉन्ट्सच्या पानावर देवनागरी निवडा आणि नमुन्याच्या चौकटीत हे टाका :

```
भम घध थय वब पष खरव ३६ १९
```

मग `Modak`, `Yatra One`, `Jaini` असे एकापाठोपाठ एक फॉन्ट बघत जा. अक्षर सुंदर आहे की नाही हे बघू नका. प्रत्येक जोडीत फरक नेमका कुठे ठेवलाय ते बोटानं दाखवा. काही फॉन्टांत तो लगेच दिसेल. काहींत शोधावा लागेल, आणि ज्या फॉन्टात तुम्हाला शोधूनही सापडत नाही तो फॉन्ट पत्रिकेला वापरू नये असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक ऐकत नाही. मागे एका घरी मी असं सांगूनही त्यांनी वेलीच्या शिरोरेषेचाच फॉन्ट घेतला, आणि मीही प्रूफ नीट बघितलं नाही. 'वधू'चा 'ध' चुकून 'घ' टाइप झाला होता. त्या फॉन्टात तो इतका सारखा दिसत होता की मुलीकडचे, मुलाकडचे आणि मी, कोणालाच कळलं नाही. पाचशे पत्रिका गेल्या. वाचणाऱ्यांनाही कळलं नाही म्हणून निभावलं. तेव्हापासून मी प्रूफ आधी साध्या फॉन्टात काढून सही घेतो आणि मगच नक्षी चढवतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो. आडनावातलं अक्षर मजकुरात दुसरीकडे कुठेच नसेल, तेच नाव बारीक अक्षरातही नसेल आणि दोन्ही वाचनं खरी आडनावं असतील, तर कागदावरून उत्तर मिळत नाही. अशा वेळी पत्रिकेच्या तळाशी फोन नंबर असतो, किंवा तुमच्या बाबतीत आईंचे मामेभाऊ आहेत. आहेराच्या पाकिटावर नाव घालायच्या आधी विचारून घ्या. आणि पत्रिकेच्या शेवटच्या ओळीत 'कृपया आहेर आणू नये' असं आहे, ती ओळ तुमच्या फोटोत अर्धी कापली गेली आहे, तेवढी बघा.